ओटी दोन, सफाईची जोडी एक: ओआर-टूल्स वापरून ओटी लिस्ट लावण्याचा काही महिन्यांचा अनुभव

मिरजेतील एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात मी ऑपरेशन थिएटरचे, म्हणजे ओटीचे, नियोजन पाहते. आमच्याकडे दोन ओटी, एक पूर्णवेळ भूलतज्ज्ञ, सांगली आणि मिरजेतील इतर रुग्णालयांतही जाणारे एक बाहेरचे भूलतज्ज्ञ, आणि दोन्ही ओटींसाठी मिळून सफाईची एकच जोडी, म्हणजे एक मामा आणि एक मावशी, अशी व्यवस्था आहे. सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत ठरलेल्या शस्त्रक्रिया शेवटच्या सफाईसह संपाव्यात, यासाठी गेले काही महिने मी ओआर-टूल्स या मोफत आणि खुल्या प्रणालीतील सीपी-सॅट हा सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या अटी पाळणारे वेळापत्रक शोधून देणारा प्रोग्राम, वापरते आहे. त्याला विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरसारखा तयार पडदा नाही. पायथनमध्ये थोडे लिहावे लागते. ते काम माझ्या भाच्याने करून दिले, आणि रोजचे आकडे मी स्प्रेडशीटमध्ये भरते.

आमच्या लिस्टची खरी अडचण शस्त्रक्रियेच्या वेळेत नव्हती, हे या वापरातून सर्वांत स्पष्टपणे दिसले. हाताने लिस्ट लावताना सर्वसाधारणपणे प्रत्येक केसच्या पुढे सफाईची पंचवीस मिनिटे चिकटवली जातात. दोन ओटींना सफाईच्या दोन स्वतंत्र जोड्या असतील तर हा हिशेब चालतो. जोडी एकच असेल आणि दोन्हीकडचे पेशंट पाच मिनिटांच्या अंतराने बाहेर आले, तर दुसऱ्या ओटीत सर्जन, सिस्टर आणि भूलतज्ज्ञ तयार उभे राहतात आणि टेबल मात्र ओलेच असते. ती वाट कागदावर कुठेही दिसत नाही. म्हणून सफाई हा केसचा शेपटीसारखा भाग न मानता स्वतंत्र काम म्हणून लिहावी लागते: ती पेशंट बाहेर गेल्यानंतर केव्हाही सुरू होऊ शकते, पण एका वेळी एकाच ओटीत होऊ शकते, आणि ती संपेपर्यंत ओटी भरलेलीच समजायची. प्रोग्रामचा गाभा एवढाच आहे:

```python
m.add(clean_start[c] >= case_end[c])
m.add_no_overlap(ot1_busy)
m.add_no_overlap(ot2_busy)
m.add_no_overlap(cleaning)
m.add_no_overlap(anaesth_a)
```

येथे `add_no_overlap` म्हणजे एका वेळी एकच काम, आणि `anaesth_a` म्हणजे पूर्णवेळ भूलतज्ज्ञांची कामे. `ot1_busy` मधील प्रत्येक कालखंड पेशंट आत आल्यापासून त्या ओटीची सफाई संपेपर्यंतचा असतो. वेळा पूर्णांकातच द्याव्या लागतात; मी मिनिटे देते.

एका दिवसाचे उदाहरण सविस्तर देते. पहिल्या ओटीत गुडघ्याचे सांधेरोपण (१५० मिनिटे), मांडीच्या हाडात नेल बसवणे (१२०) आणि शेवटी जंतुसंसर्ग झालेल्या जखमेची स्वच्छता (६०). दुसऱ्या ओटीत लहान मुलाचा हर्निया (४५), दुर्बिणीतून पित्ताशय काढणे (७५), थायरॉईड (१२०) आणि शेवटी गळू फोडणे (३०). साधी सफाई पंचवीस मिनिटांची, संसर्गाच्या केसनंतरची पंचेचाळीस. पेशंट बाहेर आल्यावर रिकव्हरीत सोपवेपर्यंत भूलतज्ज्ञाची आणखी दहा मिनिटे जातात. पूर्णवेळ भूलतज्ज्ञ पहिल्या ओटीत, बाहेरचे दुसऱ्या ओटीत, पण त्यांना दोन वाजता निघायचे असते. त्यानंतर एकच भूलतज्ज्ञ उरतो.

नेहमीच्या पद्धतीने मूल, पित्ताशय, थायरॉईड असा क्रम लावला, तर पित्ताशयाचा पेशंट ११:२५ ला बाहेर येतो आणि गुडघ्याचा ११:३० ला. मामा-मावशी ११:५० पर्यंत दुसऱ्या ओटीत असतात, त्यामुळे नेलची केस ११:५५ ऐवजी १२:१५ ला सुरू होऊन १४:१५ ला संपते. मग संसर्गाची जखम १४:४० ते १५:४०, भूलतज्ज्ञ १५:५० ला मोकळे, गळू १५:५० ते १६:२०, पहिल्या ओटीची मोठी सफाई १६:२५ ला संपल्यावर दुसरीची सुरू, आणि शेवट १७:१० ला.

सॉल्व्हरने दोनच बदल सुचवले. थायरॉईड आधी, पित्ताशय नंतर; त्यामुळे दुसऱ्या ओटीतील पेशंट १२:१० ला बाहेर येतो, पहिल्या ओटीची सफाई ११:५५ लाच संपलेली असते आणि नेलची केस वेळेवर, म्हणजे १३:५५ ला संपते. पित्ताशय १३:५० ला संपते आणि बाहेरचे भूलतज्ज्ञ बरोबर दोन वाजता मोकळे होतात. दुसरा बदल असा, की गळू आधी घ्यायचे, १४:१५ ते १४:४५, आणि जखम १४:५५ ते १५:५५; कारण लहान केस आधी झाली की तिची पंचेचाळीस मिनिटांची सफाई दुसऱ्या केसच्या आडोशाने उरकते. शेवटची सफाई १६:४० ला संपते. कोणीही हात जास्त वेगाने चालवला नाही आणि सफाईतील एक मिनिटही कापले नाही. जंतुनाशक पृष्ठभागावर ठरलेला वेळ ओले राहिलेच पाहिजे, त्यामुळे सफाईची वेळ कमी करून दिवस आवरणे मला कधीही मान्य नव्हते.

वैद्यकीय अटी मात्र आपणच घालायच्या असतात. वरील पित्ताशयाचा पेशंट मधुमेही असता, तर त्याला साडेबारापर्यंत उपाशी ठेवण्यापेक्षा ती वीस मिनिटे गमावणे योग्य ठरले असते, आणि तशी अट लिहिली की सॉल्व्हर निमूटपणे तसा क्रम देतो. लहान मूल पहिले, सांधेरोपण संसर्गाच्या केसच्या आधी, या अटी आमच्याकडे कायमच्या आहेत. अटी परस्परविरोधी झाल्या, तर उत्तर केवळ `INFEASIBLE`, म्हणजे अशक्य, असे येते आणि कोणती अट आड आली हे त्यातून कळत नाही. अशा वेळी मी दिवस संपण्याच्या वेळेची अट काढून पुन्हा चालवते. दिवस किती लांबतो ते दिसले, की कोणती केस दुसऱ्या दिवशी न्यायची याबद्दल सर्जनशी बोलता येते.

सगळ्यात जास्त कष्ट वेळांच्या आकड्यांवर घ्यावे लागतात. सर्जन "एक तास" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात छेद देण्यापासून टाके घालेपर्यंतचा वेळ असतो. भूल देणे, पेशंटची स्थिती लावणे, ड्रेपिंग आणि नळी काढणे त्यात येत नाही. म्हणून मी ओटी रजिस्टरमधून प्रत्येक सर्जनच्या त्या त्या प्रकारच्या जुन्या केसच्या, पेशंट आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतच्या वेळा काढते आणि त्यांचा मध्यक घेते. सरासरी घेतली, तर एखादी अवघड थायरॉईड सगळा अंदाज फुगवून टाकते. मध्यक घेतल्यावर निम्म्या केस त्याहून लांबणारच, म्हणून दिवसाचा शेवट पाचऐवजी पावणेपाचला धरते. हा सॉल्व्हर दिलेली वेळ अचूक मानतो. अनिश्चिततेची तजवीज आपल्यालाच करावी लागते.

आकडे चुकत आहेत हे ओळखण्याची खूण साधी आहे. पेशंट बाहेर गेल्याची आणि सफाई सुरू झाल्याची, अशा दोन्ही वेळा सिस्टर आता रजिस्टरमध्ये लिहितात. या दोहोंतील अंतर वाढले तर जोडी अडकलेली आहे. सफाई संपल्यापासून पुढचा पेशंट आत येण्यातले अंतर वाढले तर दोष वॉर्डात, संमतिपत्रात किंवा निर्जंतुक सेट तयार नसण्यात शोधावा लागतो. आमच्याकडे दुर्बिणीचा सेट एकच आहे, त्यामुळे एका दिवशी पित्ताशयाच्या दोन केस असतील तर त्या सेटच्या निर्जंतुकीकरणाचेही सफाईसारखेच स्वतंत्र काम लिहिले आहे.

तातडीचे सिझेरियन आले की ही लिस्ट मोडते, आणि तशी ती मोडायलाच हवी. सुरू झालेल्या केसच्या वेळा पक्क्या करून आणि सिझेरियन सर्वांत पुढे घालून मी उरलेला दिवस पुन्हा मांडते. एवढ्या लहान लिस्टला उत्तर यायला काही क्षणच लागतात. खरा वेळ बाहेरच्या भूलतज्ज्ञांना फोन करून ते दोननंतर थांबू शकतील का, हे विचारण्यात जातो. ते थांबले तर प्रोग्राममधील त्यांच्या वेळेची, म्हणजे `anaesth_b` ची, मर्यादा पुढे सरकते, आणि ते शक्य नसेल तर गळू दुसऱ्या दिवशी घेता येईल का, हे सर्जन पेशंट तपासून ठरवतात.