बेसलाइन, चेंज लॉग की ऑडिट: प्रोजेक्टची कागदपत्रं सांभाळताना आधी कशाला हात घालायचा?

"आमच्याकडे गिट आहे, जुनी प्रत्येक आवृत्ती सापडते. मग बेसलाइन वेगळी, चेंज लॉग वेगळा, वर ऑडिट, हा पसारा कशाला?" छोट्या टीमकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो चुकीचा नाही. तीनही गोष्टी एकदम सुरू केल्या तर दोन महिन्यांत तिन्ही बंद पडतात. तेव्हा निवड करावीच लागते. पण कुठली गोष्ट कुठली चूक पकडते आणि कुठली सोडून देते, हे कळल्याशिवाय निवड कशी करणार?

एक उदाहरण घेऊ. हातातला बारकोड स्कॅनर सर्व्हरशी बोलतो, असा प्रोजेक्ट आहे. त्याची मुख्य कागदपत्रं तीन. सर्व्हरचं उत्तर ५ सेकंदांच्या आत यायला हवं, अशी एक अट आहे. ग्राहक म्हणतो, ५ नको, ३ सेकंद करा. ही झाली चेंज रिक्वेस्ट १४. ती मंजूर होते, काम होतं आणि नवी बेसलाइन निघते:

| दस्तऐवज | बेसलाइन १ | बेसलाइन २ |
|---|---|---|
| आवश्यकता दस्तऐवज | २.० | २.१ |
| इंटरफेस दस्तऐवज | १.३ | १.४ |
| टेस्ट प्लॅन | १.१ | १.१ |

हा तक्ता हीच बेसलाइन. एखाद्या फाइलची शेवटची आवृत्ती म्हणजे बेसलाइन नव्हे. कुठल्या आवृत्त्या एकमेकींसोबत मंजूर झाल्या, त्याची ती यादी असते. शेअर्ड ड्राइव्हमधला आवृत्तींचा इतिहास इथेच तोकडा पडतो, कारण तो प्रत्येक फाइलचा सुटा असतो. आवश्यकता दस्तऐवज २.० असताना टेस्ट प्लॅन कितवा होता, हे त्याला विचारता येत नाही. गिटमध्ये टॅग पूर्ण संचाला लागतो, म्हणून बेसलाइनसाठी तो सोयीचा:

```
git tag -a BL-2 -m "CR-014, approved"
git diff --name-only BL-1 BL-2
```

यातला `-a` विसरू नका. त्याने टॅग कोणी आणि कधी लावला याची नोंद राहते. साध्या टॅगमध्ये ती नसते. शिवाय टॅग दगडावर कोरलेला नसतो. `-f` देऊन तो दुसरीकडे हलवता येतो, म्हणून मुख्य रिपॉझिटरीत टॅग हलवायची परवानगी बंद करून ठेवा. आणि फाइल वर्डची असेल तर ती बदलली एवढंच गिट सांगेल, आत काय बदललं ते नाही. वर्डमधला आणखी एक सापळा: मुखपृष्ठावर आपोआप बदलणारं तारखेचं फील्ड असेल, तर मंजूर झालेली प्रत उघडली की त्यावर आजची तारीख दिसते. बेसलाइनमध्ये पीडीएफही ठेवा, असं मी म्हणतो ते याचसाठी.

आता चेंज लॉग. बरेच जण कमिटच्या यादीलाच चेंज लॉग म्हणतात. पण कमिट सांगते काय बदललं आणि कोणी बदललं. बदल का केला, मंजुरी कोणी दिली आणि कुठल्या कागदांना हात लागणार होता, हे लॉगने सांगायचं असतं. आपल्या लॉगमध्ये १४ व्या ओळीत लिहिलंय: उत्तराची मर्यादा ५ वरून ३ सेकंद, मंजूर, परिणाम आवश्यकता आणि इंटरफेस दस्तऐवजांवर, काम पूर्ण. वाचायला अगदी चोख.

दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दोन बेसलाइनमधला इंटरफेस दस्तऐवज उघडून तुलना केली तर बदल दोन निघतात: मर्यादा ३ सेकंद झाली आहे, आणि पुन्हा प्रयत्न करायची संख्या २ वरून ३ झाली आहे. दुसऱ्याची लॉगमध्ये नोंदच नाही. कोणीतरी फाइल उघडलीच होती, म्हणून जाता जाता 'सुधारणा' करून टाकली. हा विनापरवाना बदल नुसता लॉग वाचून कधीच सापडला नसता. याच्या उलट, लॉगमध्ये आहे पण बेसलाइनच्या तुलनेत दिसत नाही, असा बदल म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. दोन याद्या एकमेकींवर ताडून पाहायच्या. हेच सगळ्यात स्वस्त ऑडिट, आणि तीन-चार कागदांसाठी अर्ध्या तासाचं काम.

तरीही एक चूक निसटते, आणि तीच महागात जाते. टेस्ट प्लॅन १.१ वरच राहिला. त्यात अजून '५ सेकंदांच्या आत उत्तर आलं तर पास' असंच लिहिलंय. सर्व्हर ४ सेकंदांनी उत्तर देतो, टेस्ट करणारा प्रामाणिकपणे पासची खूण करतो आणि ग्राहकाची अट मोडलेली असतानाही अहवाल पूर्ण हिरवा निघतो. दोन्ही याद्या ताडूनही हे दिसत नाही, कारण 'परिणाम' या रकान्यात टेस्ट प्लॅन लिहायचाच राहिला होता. टेस्ट प्लॅनपुरते लॉग आणि बेसलाइन एकमेकांशी तंतोतंत जुळतात, दोन्ही सारखेच चुकलेले!

इथे खरं कॉन्फिगरेशन ऑडिट लागतं. ते यादीपासून सुरू होत नाही, अटीपासून होतं. बदललेल्या अटीचा क्रमांक घ्यायचा, इतर सगळ्या कागदांत तो शोधायचा आणि सापडेल तिथे आकडा वाचायचा. परंपरेने ऑडिटचे दोन प्रकार मानतात. फंक्शनल ऑडिट पाहतं, की तयार झालेली वस्तू अटी पुऱ्या करते याचा पुरावा आहे का. फिजिकल ऑडिट पाहतं, की वस्तू आणि तिची कागदपत्रं एकमेकांशी जुळतात का. आयएसओ १०००७ या मार्गदर्शक मानकातही बदलांचं नियंत्रण, स्थितीची नोंद आणि ऑडिट ही कामं स्वतंत्र मांडली आहेत. मात्र अटींना क्रमांकच नसतील तर ऑडिट करणाऱ्याला सगळे कागद अथपासून इतिपर्यंत वाचावे लागतात. मग ते पहिल्यांदा होतं, दुसऱ्यांदा होत नाही.

तर मग निवड कशी करायची? प्रोजेक्ट नवा असेल तर मी बेसलाइनपासून सुरुवात करीन. लॉग ठेवायचा म्हटलं तर 'कशाच्या तुलनेत बदल' याला उत्तर हवं, आणि ते बेसलाइनच देते. लॉगला पहिल्या मंजुरीपर्यंत थांबवा. मसुदा रोज बदलत असताना प्रत्येक ओळीसाठी चेंज रिक्वेस्ट मागितली, तर लोक गुपचूप फाइल बदलायला शिकतात आणि ती सवय पुढे सुटत नाही.

प्रोजेक्ट जुना असेल, फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २' आणि 'फायनल नवीन' सुखाने नांदत असतील, तर क्रम उलटा. आधी ऑडिट. कुठली प्रत खरोखर वापरात आहे हे न तपासता बेसलाइन काढली, तर गोंधळावरच मंजुरीचा शिक्का बसतो. जे कागद एकमेकांशी जुळत नाहीत ते दुरुस्त होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. विसंगतींची यादी सोबत जोडून बेसलाइन काढा, आणि त्या विसंगती हीच लॉगची पहिली पानं.

चालू प्रोजेक्टमध्ये वेळ फारच कमी असेल, तर प्रत्येक बेसलाइनच्या आधी 'काम पूर्ण' लिहिलेले दोनच बदल उचला आणि अटीपासून टेस्टपर्यंत माग काढा. फक्त ज्याने 'परिणाम' रकाना भरला, त्यालाच हे काम देऊ नका. त्याला टेस्ट प्लॅन पहिल्यांदा आठवला नव्हता, दुसऱ्यांदाही आठवणार नाही.