एसएमएस, यूपीआय ॲप की बँकेचा उतारा: वस्तू हातची सोडण्यापूर्वी काय पाहावे?

जुनी वस्तू विकताना खरेदीदाराने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. खात्री आपल्याच खात्यात करायची, हेही ठरलेले आहे; मात्र ती बँकेच्या एसएमएसवरून करायची, यूपीआय ॲपमधील यादीवरून करायची की बँकेच्या स्वतःच्या ॲपमधील खातेउताऱ्यावरून करायची, याविषयी मतभेद दिसतात. तिन्ही मार्ग वापरून पाहिल्यानंतर माझा कल उताऱ्याकडे झुकला आहे.

एसएमएसची सोय मोठी आहे, कारण काही उघडावे लागत नाही. पण तो न येण्याला काहीच अर्थ नसतो, आणि माझ्यापुरता निर्णय याच एका त्रासाने केला. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीतून मी वॉशिंग मशीन ११,५०० रुपयांना विकले, तेव्हा सिन्नरहून आलेले गृहस्थ छोटा हत्ती फाटकाशी उभा करून, "काका, माझ्या खात्यातून पैसे गेलेत," असे पुन्हापुन्हा सांगत होते आणि माझा मोबाइल मात्र गप्प होता. पैसे आले नाहीत म्हणून तो गप्प होता की नुसता संदेश अडकला होता, हे कळायला मार्ग नव्हता. अशा वेळी समोरच्या भल्या माणसावर अविश्वास दाखवल्याचा संकोच वाटतो आणि त्या संकोचापोटीच वस्तू हातची जाते.

मी बँकेचे ॲप उघडले. ते गृहस्थ येण्यापूर्वी शिल्लक २३,८४० रुपये असल्याचे पाहून ठेवले होते. उतारा ताजा केल्यावर सर्वांत वर `UPI/CR/` ने सुरू होणारी नोंद दिसली, रक्कम जमेच्या रकान्यात ११,५०० होती आणि शिल्लक ३५,३४० झाली होती. आमच्या बँकेच्या उताऱ्यात तारीख असते, वेळ नसते. म्हणून नोंदीतील बारा आकडी व्यवहार क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे त्यांना त्यांच्या मोबाइलवरून वाचून दाखवायला सांगितले आणि ते जुळल्यावर मशीन टेम्पोत चढले. एसएमएस आला तो रात्री जेवणानंतर.

याच्या उलट प्रकार आमच्या शेजाऱ्यांकडे घडला. सायकल घ्यायला आलेल्या तरुणाच्या स्क्रीनशॉटवर हिरवी खूण होती आणि पाठोपाठ "आपल्या खात्यात रक्कम जमा" असा संदेशही आला. तो मात्र बँकेच्या अक्षरी नावाने आलेला नव्हता, साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आला होता. उताऱ्यात नोंद नव्हती आणि शिल्लक होती तेवढीच होती, त्यामुळे सायकल घरातच राहिली. संदेशाचा मजकूर कोणालाही लिहून पाठवता येतो. आपल्या खात्यातील शिल्लक बाहेरच्या माणसाला तशी वाढवता येत नाही.

यूपीआय ॲपची यादी या दोहोंच्या मधली म्हणावी लागेल. ती चटकन उघडते आणि वेळही दाखवते, परंतु दोन बँकांची खाती आणि दोन-तीन ॲप असणाऱ्याची तिथे गफलत होऊ शकते. मोबाइल क्रमांकावर पाठवलेली रक्कम त्या क्रमांकाशी मुख्य म्हणून जोडलेल्या खात्यात जाते आणि आपण भलत्याच खात्यात शोधत बसतो. आधी रक्कम कोणत्या खात्यात येणार हे ठरवून त्याच खात्याचा क्यूआर कोड दिला, तर हा घोळ टळतो.

उताऱ्यावर माझा भर असण्याचे आणखी एक कारण आहे. कधी कधी खरेदीदार पूर्ण प्रामाणिक असतो, त्याच्या खात्यातून रक्कम खरोखर वजा झालेली असते, पण आपल्या बँकेकडे ती जमा होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार अशी अडकलेली यूपीआय रक्कम पुढच्या दिवसापर्यंत पाठवणाऱ्याला आपोआप परत जायला हवी. म्हणजे "पैसे कट झाले" हे खरे असूनही वस्तू दिली, तर वस्तूही गेली आणि रक्कमही त्याच्याकडे परत गेली, असे होऊ शकते. एनईएफटीचे थोडे वेगळे आहे: ती अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांनी जाते आणि त्यानंतरही जमा व्हायला दोन तासांपर्यंत अवधी लागू शकतो, त्यामुळे तिथे नोंद लगेच न दिसणे संशयास्पद मानू नये, वाट मात्र पाहावीच.

किरकोळ रकमेच्या वस्तूसाठी एवढे सोपस्कार कोणाला जास्त वाटतील, आणि त्यांचेही चूक म्हणता येणार नाही. बँकेचे ॲप ऐनवेळी बंद असते किंवा तळघरातील पार्किंगमध्ये रेंज मिळत नाही, हीदेखील खरी अडचण आहे. त्यासाठी व्यवहार वर, घरात किंवा फाटकाशी करावा, आणि ॲप उघडतच नसेल तर जवळच्या एटीएममधून मिनी स्टेटमेंट काढावे किंवा खरेदीदाराला रोख रक्कम देता येईल का, असे सरळ विचारावे.