कानबाईच्या गाण्यांवरच्या लेखाचं टायटल: सजेशन बघून ठरवायचं की रिलेटेड सर्च बघून?

समजा तुम्हाला खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांवर लिहायचंय. नुसतं "कानबाईची गाणी" असं टायटल दिलं तर समोर सगळे व्हिडिओवाले असतात, त्यांच्यात आपला लेख दिसणार कुठून, म्हणून चार-पाच शब्दांचा नेमका फ्रेज लागतो आणि तो शोधायला गूगलमध्येच दोन जागा आहेत.

पहिली म्हणजे टाइप करताना खाली उघडणारी सजेशन्स. लोक खरंच काय टाइप करतात यावरून ती येतात, म्हणून शब्द कसा लिहायचा हे ठरवायला यासारखं दुसरं काही नाही. कानबाई लिहायचं की कानुबाई, गाणी की गाणे की गीत, हे इथेच कळतं. "कानबाई" लिहून स्पेस द्या, मग एकेक अक्षर टाकून बघा, ग, श, म असं. लोक प्रत्यय खातात, "कानबाई गाणी" एवढंच टाइप करतात, तरी टायटल मात्र नीट मराठीत "कानबाईची गाणी" असंच ठेवा, वाचणाऱ्याला तुटक वाटायला नको. आणि हेच सगळं `kanbai gani` असं रोमनमध्येही करून बघाच, मोबाइलवर बरेच जण तसंच लिहितात आणि तिथली यादी वेगळी निघू शकते. हे करताना इनकॉग्निटो विंडो उघडा, नाहीतर आपलेच जुने सर्च आपल्यालाच परत दिसतात. जळगावात बसून दिसतं ते पुण्यात दिसेलच असंही नाही, आणि कानबाईचा सण श्रावणात येतो, तेव्हा यादी बदलू शकते म्हणून सणाच्या आधी एकदा आणि सणात एकदा बघितलेलं बरं.

दुसरी जागा म्हणजे रिझल्टच्या तळाशी येणारे रिलेटेड सर्च. इथे स्पेलिंगपेक्षा शेजारचे विषय सापडतात, म्हणजे रोटाची माहिती, पूजा, अहिराणी ओव्या वगैरे. माझ्या मते ते पुढच्या लेखाला किंवा लेखातल्या उपशीर्षकांना जास्त कामाचे, टायटलला कमी, कारण ते लवकर भरकटतात, दोन क्लिकमध्ये तुम्ही डीजे साँगवर पोचता.

पण अहिराणीतला एखादा अगदी बारीक विषय असला की सजेशन काहीच येत नाही. तेव्हा "खान्देशी लोकगीते" असं मोठं काहीतरी सर्च करायचं आणि सरळ तळाशी जायचं, तिथे रिलेटेड सर्चच उपयोगी पडतात.

फ्रेज कुठूनही घ्या, तो सर्च करून पहिलं पान बघाच. सगळे व्हिडिओच दिसले तर लोकांना ऐकायचंय, वाचायचं नाही. मग त्यात "शब्द" किंवा "अर्थ" जोडून परत बघा, "कानबाईची गाणी अर्थासह" असं काही सर्च केल्यावर लिहिलेली पानं वर आली तर टायटल तेच ठेवा. महिन्याला किती जण शोधतात हा आकडा मात्र दोन्हीकडे मिळत नाही, फ्रेज यादीत आहे म्हणजे गर्दी आहे असं समजू नका.