मित्राच्या मुलीची तुलना करून बसलात: माफी फोनवर, भेटून की चार ओळींच्या मेसेजने?

मे-जूनमध्ये बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की ज्याच्या-त्याच्या घरी आकडे विचारले जातात, आणि त्यात कुणीतरी नको ते बोलून जातं. समजा, मित्राकडे जेवायला बसला आहात. त्याच्या मुलीला सीईटीला 84 पर्सेंटाइल आलेत. तुम्ही सहज म्हणालात, "आमच्या भाचीला 91 आहेत बघ, आणि ती तर क्लासलाही जात नव्हती." मित्र हसला आणि त्याने विषय बदलला. मुलगी स्वयंपाकघरात होती आणि तिने ऐकलं. घरी आल्यावर लक्षात आलं की भाचीचे 91 हे बोर्डाचे टक्के होते.

आता माफी मागायची, इथवर कुणाचं दुमत नसेल. प्रश्न कशी मागायची हा आहे. फोन, प्रत्यक्ष भेट आणि लेखी मेसेज, हे तिन्ही मार्ग मी वापरले आहेत आणि माझ्यावरही वापरले गेले आहेत. प्रत्येकाच्या मैत्रीची घडण निराळी, त्यामुळे हे सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

फोन सगळ्यांना आधी सुचतो. आवाजात ओशाळलेपण कळतं, गैरसमज तिथल्या तिथे मिटतो आणि काम पाच मिनिटांत होतं. माझं मन फोनवरून उडालं ते एकाच गोष्टीमुळे. तुम्ही "अरे, काल मी जे बोललो ना..." इतकंच म्हणता, आणि पलीकडून येतं, "अरे सोड रे! काय मनावर घेतोस!" आपल्याकडे हे जवळजवळ ठरलेलं आहे. समोरच्याला तुम्हाला अवघडवायचं नसतं, म्हणून तो तुमचं वाक्य अर्ध्यावर तोडतो. मग तुम्हीही सुटल्यासारखे क्रिकेटवर नाहीतर पावसावर येता. फोन ठेवल्यावर तुम्हाला हलकं वाटतं, पण मुलीने ऐकलं होतं हे वाक्य तोंडातून बाहेरच आलेलं नसतं. मित्राला तेच टोचत होतं, आणि त्याने स्वतःच "सोड" म्हटल्यामुळे आता तो ते पुन्हा काढूही शकत नाही. माफीचा उपयोग मागणाऱ्यालाच होतो. फोनवर हे इतक्या वेळा होताना पाहिलं आहे की मी त्याला अपवाद म्हणायचं सोडून दिलं.

भेटीचं वजन निर्विवाद जास्त आहे. मात्र घरी गेलात की तुम्ही पाहुणे होता. चहा टाकला जातो, वहिनी बाहेर येतात, मुलीला हाक मारून बसवलं जातं आणि जिच्याबद्दल बोललात तिच्यासमोरच पुन्हा तिच्या मार्कांचा विषय निघतो. हातात पेढ्यांचा बॉक्स असेल तर आणखी घोळ, कारण निकालाच्या दिवसांत पेढे अभिनंदनाचे असतात. भेटायचंच तर बाहेर भेटावं, चहाच्या टपरीवर किंवा सकाळी फिरायला जाताना. शेजारी-शेजारी चालताना नजर चुकवावी लागत नाही आणि बोलणं पूर्ण होण्याची शक्यता थोडी वाढते. "सोड रे" तिथेही येतंच.

मेसेजवर आक्षेप असा की तो कोरडा असतो आणि तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणून पाठवला जातो. आक्षेप अगदीच खोटा नाही. पण मेसेजमधलं वाक्य कुणी मध्येच तोडू शकत नाही. मित्र तो एकटा असताना वाचू शकतो, वाटलं तर बायकोला दाखवू शकतो, आणि त्याला त्याच क्षणी हसून मोठेपणा दाखवावा लागत नाही. माझा कल इकडे झुकतो तो यामुळे. अर्थात मेसेज नीट लिहिला तरच.

नीट म्हणजे काय, ते वरच्याच प्रसंगावर सांगतो:

"अरे, काल जेवताना मी तुझ्या मुलीच्या सीईटीची माझ्या भाचीशी तुलना केली. तिने ते ऐकलं. मी तसं बोलायला नको होतं, चुकलं माझं. तिच्या मार्कांचा विषय मी पुन्हा काढणार नाही. उत्तराची घाई नाही."

यात काय बोललो ते आहे, कुणाच्या कानावर गेलं ते आहे, चूक कबूल आहे आणि पुढचं एक ठोस वचन आहे. "तुला वाईट वाटलं असेल तर" नाही, कारण त्या "तर"मुळे चूक मित्राच्या हळवेपणाची ठरते. "हेतू तसा नव्हता" हेही नाही. शेवटी "रागावला नाहीस ना?" असा प्रश्न नाही, कारण त्याला एकच उत्तर देता येतं. जोडलेल्या हातांची इमोजीही गाळावी. ती शुभ सकाळपासून श्रद्धांजलीपर्यंत सगळीकडे वापरून गुळगुळीत झाली आहे.

सगळ्यात मोठा मोह आकड्यांचा असतो. बोर्डाचे टक्के म्हणजे मिळालेले गुण, तर सीईटीचं पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रातल्या मुलांमधलं स्थान. 84 पर्सेंटाइलचा अर्थ दर शंभरातल्या साधारण 84 जणांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण आहेत. दोन्ही आकडे शेजारी ठेवताच येत नाहीत. हे खरं आहे, आणि लिहावंसं फार वाटतं. लिहू नये. "मी टक्के आणि पर्सेंटाइल यांत गल्लत केली" असं लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं ते असं: भाचीलाही सीईटीत 91 पर्सेंटाइल असते, तर तुलना चालली असती. चूक हिशेबाची नव्हती. तसंच "आमची भाची नुसती घोकंपट्टी करते" असं लिहून तिला खाली ओढणं म्हणजे तीच तुलना उलट्या बाजूने.

वेळेचं म्हणाल तर त्याच रात्री उशिरा नको, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत बरं. कॅप राउंडचे पसंतीक्रम भरायचे दिवस चालू असतील, तर मेसेज आणखी छोटा करावा. त्या दिवसांत घरात आधीच चिडचिड असते.

एका ठिकाणी मात्र खासगी मेसेज पुरत नाही. तुलना चारचौघांत झाली असेल, म्हणजे जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर "तो क्लास टू झाला, आणि तू अजून अभ्यासच करतोयस" असं लिहिलं असेल, तर त्याच ग्रुपवर एक ओळ हवी: "माझं कालचं वाक्य चुकीचं होतं, मागे घेतो." बाकीचं त्याला एकट्याला लिहावं. मूळ वाक्य नुसतं डिलीट करण्याने उलट होतं. ज्यांनी वाचलं नव्हतं तेही काय होतं ते विचारू लागतात.

मुलीशी वेगळं बोलायचं का? ते तिच्या वडिलांना विचारून. बोललात तर दोन वाक्यांत, आणि त्यात "तूही हुशारच आहेस" नको. त्या "ही"मध्ये भाची परत येऊन बसते.

मेसेजला निळ्या टिका दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर दुसरा मेसेज पाठवू नये, "मिळाला ना?" म्हणून फोनही करू नये. आठवड्याभरात नेहमीसारखं कुठे भेटायचं ते विचारावं. तेव्हा तो "अरे सोड रे" म्हणाला तर खुशाल सोडावं, कारण म्हणायचं ते त्याने आधीच पूर्ण वाचलेलं असतं.