शाडू, कागदाचा लगदा की लाल माती? घरी गणपती करून ऑर्डर घ्यायच्या तर काय निवडायचं

ठाण्यात फ्लॅटमध्ये राहून गणपती करायचे आणि आधीपासून ऑर्डर घ्यायच्या असं ठरवत असाल तर पहिला प्रश्न मटेरियलचाच येतो, पण बहुतेक जण तो "इको फ्रेंडली कुठलं" असा विचारतात. माझ्या मते आपल्यासाठी खरा प्रश्न आहे की जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन खोल्यांच्या घरात काय वाळतं, आणि वाळवण्याची जागा किती आहे. माती स्वस्त असते, जागा आणि वेळ महाग. भावही त्यावरूनच ठरतो, म्हणून तिन्ही मटेरियल याच अंगाने बघूया.

शाडू. आपल्याकडे मिळणारा शाडू बहुतेक गुजरातहून येतो, पेण-हमरापूरचे कारखानेही तोच वापरतात. पावडर भिजवून एक-दोन दिवस मुरू द्यायची आणि मग कणकेसारखी मळायची, बोट दाबलं तर ठसा राहिला पाहिजे पण माती बोटाला चिकटता नये. सोंड, बोटं, दागिने यांचं बारीक काम शाडूत जसं उठतं तसं बाकी दोन्हीत उठत नाही आणि घरगुती गिऱ्हाईक आधी चेहराच बघतं. रबरी साच्यात साधारण अर्ध्या इंचाचा थर दाबून आतून पोकळ ठेवायची, कारण भरीव मूर्ती बाहेरून वाळते आणि आत ओलीच राहते, मग रंग दिल्यावर पोपडे निघतात नाहीतर तळाला चीर जाते.

शाडूचं खरं दुखणं वाळवणं. कान, सोंड, हात पातळ म्हणून आधी सुकतात आणि आक्रसतात, पोट अजून ओलं असतं, त्यामुळे चीर नेमकी जोडावर जाते. पंखा सरळ मूर्तीवर लावला तर हे हमखास होतं. पंखा भिंतीकडे तोंड करून ठेवा म्हणजे खोलीतली हवा फिरेल, आणि पहिले दोन-तीन दिवस कान-सोंडेवर ओलसर फडकं टाकून ठेवा. वाळली की नाही हे कळायला गालाला लावून बघायची, गार लागली तर आत ओल आहे. याहून पक्कं हवं तर किचनच्या काट्यावर रोज वजन करा, दोन दिवस वजन तेच आलं की रंगाला घ्या. उन्हाळ्यात सावलीत नऊ इंची मूर्ती आठवडाभरात तयार होते तीच जुलैत दोन-अडीच आठवडे घेते. म्हणून शक्य तितक्या मूर्ती एप्रिल-मेमध्ये करून वाळवून ठेवायच्या आणि पावसाळा मुख्यतः रंग आणि डोळ्यांच्या आखणीसाठी ठेवायचा. आधीच ऑर्डर घेण्याचा मुख्य फायदा हाच की कुठल्या साईजच्या किती करायच्या हे मे संपायच्या आत कळतं.

कागदाचा लगदा. रद्दी भिजवून वाटायची, त्यात व्हायटिंग म्हणजे खडूची पावडर आणि डिंक. मूर्ती एकदम हलकी, पडली तरी सहसा तुकडे होत नाहीत, म्हणून दीड फुटाच्या पुढे किंवा लिफ्ट नसलेल्या चाळीत चौथ्या मजल्यावर न्यायची असेल तर हाच पर्याय बरा. पण लगदा पाणी धरून ठेवतो, पावसाळ्यात आतून बुरशी धरते आणि आधी दिसत नाही, वास येतो तेव्हा कळतं. फिनिशिंगला घासकामही खूप लागतं. आणि विसर्जनात तो विरघळत नाही, सुटा होतो, बादलीत शाई-पावडरचा राडा उरतो जो कुंडीतही टाकता येत नाही. घरी विसर्जन करणाऱ्याला ही मूर्ती मी देणार नाही.

लाल माती. नर्सरीतून आणायची, मैद्याच्या चाळणीने चाळायची, थोडा डिंक घालून मळायची. घरच्या बादलीत पटकन विरघळते आणि ते पाणी सरळ तुळशीला जातं. शाडूचा गाळ इतका बारीक असतो की कुंडीत नुसता ओतला तर माती घट्ट होऊन पाणी तुंबतं, त्यामुळे शाडूवाल्या गिऱ्हाइकाला सांगून ठेवा की गाळ वाळवून परत द्या, ऑइल पेंट नसेल तर पुढच्या वर्षी परत मळता येतो. लाल मातीची मर्यादा म्हणजे ती भरभरीत असते, नाजूक बोटं टिकत नाहीत, सात इंचांच्या पुढे हात निखळायला लागतात. बसकी, जाडसर घडण आणि गेरूचा रंग असेल तर मात्र फार देखणी दिसते.

आता भाव. इंचाला अमुक रुपये असा भाव लावतात तो चुकीचा पडतो. उंची दुप्पट झाली की भरीव मूर्तीला माती आठपट लागते, पोकळला थोडी कमी, पण काम मात्र दुप्पटही होत नाही. समजा शाडू 30 रुपये किलो आणि तुमचा तास 120 रुपयांचा धरला. नऊ इंची मूर्तीला माती 3 किलो म्हणजे 90, रंग 100, खोका-पेंढा 60, आणि साच्यापासून आखणीपर्यंत 6 तास म्हणजे 720. झाले 970, तुटफुटीचे दहा टक्के धरून साधारण 1,100. सहा इंचीला माती जेमतेम किलोभर, पण डोळे तेवढेच बारीक काढायचे, म्हणून साडेचार तास जातात आणि भाव 750 च्या खाली येत नाही. गिऱ्हाईक म्हणतं एवढीशी मूर्ती आणि एवढे पैसे, तेव्हा हा हिशोब शांतपणे सांगायचा.

बारा इंचीला माती 7 किलो, साडेआठ तास, याच पद्धतीने 1,600 च्या आसपास येतं. पण मी 2,000 च्या खाली देऊ नका म्हणेन, कारण ती फळीवर जवळपास दोन नऊ इंची मूर्तींची जागा अडवते आणि वाळायलाही जास्त दिवस घेते. जागा कमी असेल तर बारा इंचीच्या ऑर्डर मोजक्याच घ्या.

ऑर्डर लिहिताना उंची वाळल्यानंतरची लिहा आणि ती पाटापासून मुकुटापर्यंत की नुसती मूर्तीची तेही लिहा. शाडू वाळताना आक्रसतो, ओली नऊ इंची केली तर हातात साडेआठच्या आसपास येते आणि मखर मापाने केलेलं असलं की तिथे वाद होतो. म्हणून ओली थोडी मोठीच घ्या. जुन्या घरांत आधी पाट आणून द्यायची पद्धत आहे ती चालू ठेवा, बैठक त्याच मापाने करता येते. अर्धे पैसे आधी घ्या आणि प्रत्येक साईजमागे एक-दोन मूर्ती जास्तीच्या करा.

मला विचाराल तर पहिल्या वर्षी नऊ इंची शाडू मुख्य ठेवा, घरी विसर्जन करणाऱ्यांसाठी थोड्या सहा इंची लाल मातीच्या, आणि लगदा कोणी मोठी मूर्ती मागितली तरच. 2026 मध्ये चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे, म्हणजे नवीन ऑर्डर जुलैअखेर बंद करा. त्यानंतर कोणी आलं तर जास्तीच्या वाळलेल्या मूर्ती दाखवा, त्यात आवडली तर रंग त्यांच्या मनासारखा करून द्या, पण ओली माती परत हातात घेऊ नका.