फोटोच्या वर्णनातलं ‘दिसते’ कसं ऐकावं: सहा महिन्यांच्या वापरानंतर

टॉकबॅक, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी अँड्रॉइड फोनमधली सोय, लावून फोटोचं वर्णन सांगणारी ॲप्स सहा महिने रोज वापरली. वर्णनं आता लांब आणि तपशिलाची येतात, पण त्यांत ‘दिसते’, ‘बहुधा’, ‘असावे’ हे शब्द जागोजागी असतात. नव्या माणसाला ते कंटाळवाणे वाटतात आणि तो ते ऐकून सोडून देतो. तसं करू नये. हे शब्द कुठे येतात आणि कुठे येत नाहीत, यावरच वर्णनावर किती विसंबायचं ते ठरतं.

फेसबुकने २०१६ मध्ये फोटोंची आपोआप वर्णनं सुरू केली, तेव्हा प्रत्येक वर्णनाची सुरुवात ‘फोटोत असू शकते’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी व्हायची. त्या यंत्रणेला साधारण शंभर गोष्टी ओळखता येत. एखादी गोष्ट सांगायची तर ती ओळख शंभरात निदान ८० वेळा बरोबर असली पाहिजे, असा उंबरठा ठेवला होता. झाड जवळजवळ नक्की असलं आणि पिझ्झा जेमतेम उंबरठ्यावर असला, तरी दोघांना शब्द एकच. त्यामुळे समोरच्या फोटोबद्दल त्या ‘असू शकते’मधून काहीच कळत नसे.

आजची वर्णनं वेगळ्या रीतीने तयार होतात. वाक्य शब्दामागून शब्द जुळवलं जातं आणि ‘दिसते’ हा त्या वाक्याचाच भाग असतो. त्यामागे खात्री मोजणारा काटा नसतो. म्हणून ‘बहुधा’ म्हणजे ८० टक्के आणि ‘असावे’ म्हणजे ६० टक्के, असा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. हे शब्द बहुतेक वेळा अनुमानाला चिकटतात: वय, नातं, मनःस्थिती, जागा, प्रसंग.

उदाहरणार्थ, कुटुंबाच्या ग्रुपवर आलेल्या फोटोचं वर्णन असं येतं: ‘पांढऱ्या इमारतीसमोर तीन जण उभे आहेत. ते एकाच कुटुंबातले असल्याचे दिसते. मधल्या बाईच्या हातात ताट आहे. ती आनंदी दिसते. मागे बहुधा मंदिर आहे.’ यातली तीन माणसं, इमारत आणि ताट या पाहिलेल्या गोष्टी आहेत. कुटुंब हे अंतर आणि वयावरून काढलेलं, आनंद दात दिसतात म्हणून, मंदिर कळसासारख्या आकारावरून. या तिन्हींसाठी ॲपलाच विचारलेला एक प्रश्न उपयोगी पडतो: ‘हे कशावरून म्हणता?’ उत्तरात ‘शिखर आणि भगवा झेंडा’ आलं, तर मंदिराच्या बाजूने काहीतरी हाती लागलं. नुसतं ‘एकूण वातावरणावरून’ आलं, तर तो अंदाज सोडून द्यावा.

मराठीत यात एक खास गुंता आहे. ‘टेबलावर कप दिसतो’ म्हणजे कप नजरेला पडतो. ‘माणूस दमलेला दिसतो’ म्हणजे तसा अंदाज आहे. मराठी वर्णनात दोन्हींसाठी एकच क्रियापद येतं. ‘दिसते’च्या आधी वस्तूचं नाव असेल तर सहसा ती नजरेला पडलेली असते. विशेषण किंवा ‘असल्याचे’ असेल तर ते अनुमान. अनुमानासाठी नेमाने ‘असावा’ वापरलं असतं तर हा गोंधळ टळला असता. मराठी वर्णनातली ही उणीव सहा महिन्यांत सगळ्यात जास्त खटकली.

खरा धोका मात्र शंका नसलेल्या वाक्यात आहे. औषधाच्या पट्टीवरची मुदत बऱ्याचदा चकचकीत फॉइलच्या कडेला ठसा उमटवून छापलेली असते. फोटोत प्रकाश चमकतो, ३ आणि ८ सारखे दिसतात, तरीही वर्णनात तारीख बेधडक येते, कुठेही ‘बहुधा’ नाही. अक्षरं वाचताना भाषा ठाम असते, कारण अर्धवट दिसलेला आकडाही पूर्ण तारीख म्हणूनच लिहिला जातो.

अशा वेळी ‘हे पॅरासिटामॉलच ना?’ असं विचारू नये. प्रश्नातच उत्तर असलं की होकार मिळण्याची शक्यता वाढते. ‘जी अक्षरं दिसतात ती जशीच्या तशी सांगा, न दिसणारी गाळा’ असं विचारावं. त्याच फोटोवर पुन्हा विचारून तेच उत्तर आलं, तर तो दुसरा पुरावा ठरत नाही. फोटोतली चमक तीच असते. फ्लॅश बंद करून, पट्टी थोडी तिरकी धरून नवा फोटो घ्यावा आणि या वेळी वर्णनाऐवजी मजकूर वाचण्याची सोय वापरावी. दोन वेगळ्या फोटोंत तारीख एक आली तर भरवसा वाढतो. वेगळी आली तर ती पट्टी डोळस माणसाला किंवा औषधाच्या दुकानात दाखवावी. गोळी कोणती आणि मुदत संपली का, एवढं ठरवण्यासाठी या ॲप्सवर एकट्यावर विसंबू नये. दोन फोटो जुळले तरीही.

शर्टाचा रंग, दारासमोरची चप्पल, ग्रुपवरचे फोटो यांसाठी ती रोज वापरण्याजोगी आहेत. फक्त पिवळ्या दिव्याखाली निळा आणि काळा यांत चूक होते, म्हणून रंग खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात विचारावा.