आरशाचा पारा उडाला : पुन्हा चढवावा, काच बदलावी, की आहे तसा राखावा?

आमच्या अमळनेरच्या घरात आजीच्या आंदणाचे सागवानी कपाट आहे. त्याच्या दारावरच्या पैलूदार आरशावर खालच्या कडेने काळे डाग चढू लागले, तेव्हा तीन मार्ग माझ्यापुढे होते. ज्यांच्या घरी असाच प्रश्न आहे, त्यांच्यासाठी माझा अनुभव लिहीत आहे.

आपण ‘पारा उडाला’ म्हणतो खरे, पण विसाव्या शतकातल्या बहुतेक आरशांत पारा नसून चांदी असते. काचेवर चांदीचा रासायनिक थर बसवण्याची वाट लीबिग या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या १८३५ सालच्या कामातून निघाली. चांदीवर बहुधा तांब्याचा पातळ थर आणि त्यावर रंग असतो. हा रंग तडकला किंवा कडेला उघडा पडला की ओल आत शिरते आणि चांदी काळवंडते किंवा सुटून जाते. म्हणजे डाग काचेच्या मागे आहे. पुढून कितीही पुसले तरी तो हलत नाही. उलट आरशावर फवारलेले पाणी किंवा अमोनियाचे द्रावण ओघळून खालच्या कडेला साचते आणि काच व रंग यांच्यामधल्या फटीतून वर खेचले जाते. आमच्याकडे दर दिवाळीला हेच होत होते, आणि उन्हाळ्यात कूलरची दमट हवा थेट त्या दारावर येत होती.

निर्णयाआधी मागची फळी काढून पाहावे. पाठीवर रंग नसून उघडा करडा धातू दिसला, तर तो कथील आणि पाऱ्याचा जुना थर असण्याची शक्यता आहे. तो खरवडू नये, तापवू नये, हातही लावू नये. रंगीत पाठ असेल, तर खोलीत अंधार करून मागून टॉर्च धरावा. डागातून उजेड आला तर तिथली चांदी आणि रंग दोन्ही गेलेले आहेत. नाही आला तर रंग शाबूत आहे, पण त्याखालची चांदी काळवंडलेली किंवा सुटलेली आहे. गेलेली किंवा काळी पडलेली चांदी परत येत नाही. वाचवता येते ती उरलेली.

नवी काच हा सर्वात स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे, आणि रोज त्यात पाहून दाढी करणाऱ्याला तो पटेलही. मात्र जुन्या कपाटाची खाच जुन्या काचेच्या मापाने कापलेली असते, आणि यंत्राने काढलेले पैलू अधिक सरळ, धारदार दिसतात. जुनी काच फेकू नये, एवढीच माझी विनंती आहे; कापडात गुंडाळून ती उभी ठेवावी.

पुन्हा चांदी चढवणे कागदावर सर्वोत्तम वाटते: जुना रंग आणि धातू उतरवून, काच घासून, नवा थर द्यायचा. मी आधी वडिलांचा लहान आरसा तसा करून घेतला. थर सुंदर बसला, पण पाठीवरचे जुने ओरखडे, जे आधी लक्षातही येत नव्हते, ते नव्या चांदीत बारीक रेघा होऊन नेमके डोळ्यांच्या उंचीवर उमटले. काच पॉलिश केल्याशिवाय ते जात नाहीत, आणि खोल असतील तर पॉलिशनेही पूर्ण जात नाहीत. प्रत्येक काचेचे असे होईलच असे मी म्हणणार नाही, परंतु चांदी उतरेपर्यंत पाठ कशी आहे हे कळत नाही आणि उतरल्यावर माघार नाही, हीच गोष्ट मला खटकली. आजीच्या आरशावर तो धोका घ्यायला मन धजले नाही.

म्हणून तो आम्ही आहे तसा राखला. मऊ कुंचल्याने पाठीची धूळ काढली, सुटणाऱ्या रंगाला हात लावला नाही, चिकटपट्टी तर मुळीच लावली नाही, कारण ती ओढताना चांदीही सोबत निघते. फळी आणि काच यांच्यामध्ये चार कोपऱ्यांना बुचाचे पातळ तुकडे ठेवून हवेला वाट दिली. टॉर्चचा उजेड आरपार येणाऱ्या डागांमागे फिकट करड्या रंगाचा कागद नुसता टेकवून ठेवला, त्यामुळे गडद लाकूड दिसेनासे होऊन डाग पुष्कळ सौम्य झाले. कूलरची दिशा बदलली, आणि पुसण्यासाठी आता फक्त कोरडा सुती फडका वापरतो.

डाग चेहऱ्याच्या ठिकाणी पसरले असतील, तर माझा मार्ग कदाचित तुम्हाला पुरणार नाही. कडेपुरतेच असतील, तर आधी हा करून पाहावा, कारण यानंतर बाकीचे दोन्ही मार्ग मोकळेच राहतात. आम्ही डागांच्या सीमा मागच्या फळीवर पेन्सिलीने आखून ठेवल्या होत्या. दोन पावसाळ्यांनंतर फळी काढून पाहिली, तेव्हा खालच्या डाव्या कोपऱ्यातला एकच डाग रेघेबाहेर जेमतेम बोटाच्या नखाएवढा सरकला होता.